सरळ रेषेत लपलेला ब्रिज

व्हीट्स्टन ब्रिज पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात समोर आला की तो कुणालाही ओळखता येतो. डावीकडे एक टोक, उजवीकडे एक टोक, वर-खाली दोन सांधे आणि त्या दोघांना जोडणारा मधला रेझिस्टर. पुस्तकात तो असाच असतो, प्रयोगवहीत असाच असतो. परीक्षेत मात्र तो या रूपात क्वचितच भेटतो. प्रश्न काढणाऱ्याला ब्रिजबद्दल विचारायचं असतंच, पण चौकट काढली तर प्रश्न आकृतीतच सुटतो. मग तो चौकटीची दोन टोकं धरून ताणतो, सगळं एका रेषेत आणतो, उरलेले दोन रेझिस्टर कमानीसारखे वरून आणि खालून फिरवतो, आणि खाली चार पर्याय देतो.

अशा आकृत्या मला बघायला आवडतात. शिकवताना तर मी मुद्दाम त्याच निवडतो. हा प्रश्न घ्या. डावीकडून सुरुवात केली की एका सरळ तारेवर ओळीनं तीन रेझिस्टर लागतात: ६ ओहम, ५ ओहम, २ ओहम. तारेचं डावं टोक आणि उजवं टोक ही आपली टोकं. डाव्या टोकापासून एक कमान वरून निघते, तिच्यावर ४ ओहमचा रेझिस्टर आहे आणि ती ५ व २ यांच्या मधल्या सांध्यावर उतरते. दुसरी कमान ६ आणि ५ यांच्या मधल्या सांध्यापासून खालून निघते, तिच्यावर ३ ओहम आहेत आणि ती थेट उजव्या टोकाला जाते. दोन टोकांमधला एकूण रोध किती? पर्याय: १.५, ३.३, ३.६, ४.९ ओहम.

पहिल्यांदा बघणाऱ्याचा हात कुठे जातो हे मी पुष्कळदा पाहिलंय. तो ६, ५ आणि २ यांच्याकडे जातो. तिघे एका रेषेत आहेत, म्हणजे सिरीजमध्ये आहेत, म्हणजे १३. मग १३, ४ आणि ३ पॅरलल, उत्तर साधारण १.५. आणि पर्यायांत १.५ आहेच! पर्याय सापडला की माणूस थांबतो. प्रश्न काढणाऱ्यानं तो पर्याय हवेतून आणलेला नसतो. हीच चूक करून, हेच गणित करून त्यानं तो तिथे ठेवलेला असतो. दुसरा कुणी फक्त वरची कमान बघतो: ६ आणि ५ मिळून ११, त्याला ४ पॅरलल, त्यापुढे २. उत्तर ४.९. खालची कमान विसरली गेली, पण पर्यायांत ४.९ सुद्धा आहे. म्हणून माझा आग्रह असतो की आकृती पूर्ण उलगडेपर्यंत पर्यायांवर हात ठेवायचा. नुसतं लांबून बघायचं नाही असं नव्हे, खरोखर हात ठेवून ते झाकायचे.

दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत असं म्हणायला ते एका रेषेत असून भागत नाही. त्यांच्या मधल्या सांध्यातून तिसरी वाट फुटता कामा नये, एवढी एकच अट आहे. आपल्या आकृतीत ६ आणि ५ यांच्यामधून खालची कमान फुटते, ५ आणि २ यांच्यामध्ये वरची कमान येऊन मिळते. म्हणजे त्या सरळ रेषेवर सिरीजमध्ये असलेली एकही जोडी नाही. पॅरललचंही तसंच. दोन रेझिस्टर कागदावर एकमेकांना समांतर दिसतात की नाही याला काही अर्थ नाही. दोघांची दोन्ही टोकं त्याच दोन सांध्यांवर असली पाहिजेत. या आकृतीत अशीही जोडी नाही. सिरीज नाही, पॅरलल नाही, आणि तरीही पाच रेझिस्टर आहेत, हे कळलं की ब्रिजचा संशय यायला हवा.

आता उलगडायचं कसं? सांध्यांना नावं द्यायची. डाव्या टोकाला अ, उजव्या टोकाला ब. पेन्सिल डाव्या टोकावर ठेवायची आणि तारेवरून सरकवायची. जोवर रेझिस्टर ओलांडत नाही तोवर तो अ-च आहे, तार कितीही लांब, वाकडी किंवा कमानदार असो. ६ ओलांडला की नवा सांधा, त्याला क म्हणू. ५ ओलांडला की ड. २ ओलांडला की आपण ब-वर पोचतो. वरची कमान अ-पासून निघते आणि ड-ला मिळते. खालची क-पासून निघते आणि ब-ला मिळते. मग आकृती बाजूला सारून फक्त एवढं लिहायचं:

अ–क : ६
क–ड : ५
ड–ब : २
अ–ड : ४
क–ब : ३

मूळ चित्रातलं कामाचं जे काही होतं ते सगळं या पाच ओळींत आलं. वाकणं, कमानी, वर-खाली, डावं-उजवं हे सगळं गळून गेलं. आता नव्या कागदावर अ डावीकडे, ब उजवीकडे, क वर आणि ड खाली मांडायचा आणि यादीतली एकेक ओळ रेषेनं जोडायची. अ-पासून क-ला ६, क-पासून ब-ला ३. अ-पासून ड-ला ४, ड-पासून ब-ला २. उरला ५, तो क आणि ड यांच्यामध्ये उभा. चौकट परत आली.

याच नावं देण्याच्या पद्धतीची ताकद बघायची असेल तर याच आकृतीतल्या दोन कमानींवरचे रेझिस्टर काढून तिथे नुसत्या तारा ठेवा. चित्र जवळजवळ तेच दिसतं. पण आता वरच्या कमानीवरून पेन्सिल सरकवली की अ-पासून निघून मध्ये काहीच न ओलांडता आपण ड-वर येतो. म्हणजे ड हाच अ. खालच्या कमानीमुळे क हाच ब. सरळ रेषेवरची नावं आता अ, ब, अ, ब अशी येतात आणि ६, ५, २ हे तिन्ही रेझिस्टर अ आणि ब यांच्यामध्येच आहेत. एका रेषेत मांडलेले तिघेही चक्क पॅरलल! एकूण रोध साधारण १.१५ ओहम. एका विद्यार्थिनीनं हे बघून विचारलं होतं, "सर, मग करंट मधल्या रेझिस्टरमधून उलटा जातो का?" हो, मधल्या ५ ओहममधून तो चित्रात उजवीकडून डावीकडे वाहतो. तिनं विचारलेला प्रश्न उत्तरापेक्षा चांगला होता, कारण त्यातून तिला आकृती वाचता येऊ लागली हे कळत होतं.

परत आपल्या चौकटीकडे. ब्रिज संतुलित आहे का हे बघायचं, आणि ते या नव्या आकृतीतच बघायचं. वरच्या वाटेवर ६ आणि ३, गुणोत्तर २. खालच्या वाटेवर ४ आणि २, गुणोत्तर २. दोन्ही सारखी, म्हणून ब्रिज संतुलित. काहींना समोरासमोरच्या भुजांचा गुणाकार सोपा वाटतो: ६ गुणिले २ बारा, ४ गुणिले ३ बारा. दोन्ही एकच. मात्र हे 'समोरासमोर' चौकटीतलं. छापलेल्या सरळ रेषेत कोण कुणासमोर आहे हे डोळ्यांनी ठरवायला गेलं तर ६ आणि ४ यांची जोडी एका वाटेवर घातली जाते, ३ आणि २ यांची दुसऱ्या वाटेवर, आणि १० व ५ पॅरलल म्हणून ३.३ येतं. तोही पर्याय तयारच आहे.

संतुलित म्हणजे नेमकं काय, हे सूत्रापेक्षा व्होल्टेज लावून बघितलं की जास्त पटतं. अ आणि ब यांच्यामध्ये १८ व्होल्ट लावा आणि मधला ५ ओहम क्षणभर काढून ठेवा. वरच्या वाटेवर एकूण ९ ओहम, करंट २ अँपिअर. ६ ओहमवर १२ व्होल्ट उतरले, म्हणजे क-वर ६ व्होल्ट शिल्लक. खालच्या वाटेवर ६ ओहम, करंट ३ अँपिअर. ४ ओहमवर १२ व्होल्ट उतरले, ड-वरही ६ व्होल्ट. क आणि ड यांच्यात फरकच नाही. आता ५ ओहम परत लावला तरी त्याच्यातून करंट जायला कारण नाही, आणि करंट गेला नाही तर बाकीचं काही बदलत नाही. तो ५ असो, ५०० असो, नुसती तार असो किंवा तिथे काहीच नसो. म्हणून तो खोडायचा. वर ६ आणि ३ मिळून ९, खाली ४ आणि २ मिळून ६, आणि ९ व ६ पॅरलल म्हणजे ५४ भागिले १५, ३.६ ओहम. १८ व्होल्टला एकूण ५ अँपिअर जात होते, तिथूनही ३.६ च येतं.

प्रत्येक पायरीला नवी आकृती काढावी. जुन्या आकृतीवरच खोडाखोड करून ९ आणि ६ लिहिले की कुठला सांधा गेला आणि कुठला राहिला हे दोन मिनिटांनी आपल्यालाच कळत नाही. घाईत असलेल्यांना हे वेळखाऊ वाटतं. माझा अनुभव उलटा आहे: वेळ जातो तो दुसऱ्यांदा सोडवण्यात.

ही मांडणी पहिल्यांदा १८३३ साली सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी प्रसिद्ध केली, आणि १८४३ मध्ये चार्ल्स व्हीट्स्टन यांनी ती लोकांसमोर आणली. व्हीट्स्टन यांनी ख्रिस्तींचं श्रेय मान्य केलं होतं, तरी नाव व्हीट्स्टनचंच चिकटलं. त्यांना ब्रिज हवा होता तो अज्ञात रोध मोजायला. तिथे गंमत अशी की मधल्या गॅल्व्हानोमीटरला अचूक आकडा दाखवता आला नाही तरी चालतं; करंट आहे की नाही एवढं त्याला बारकाईनं कळलं की पुरे. मोजणाऱ्याला हवं असलेलं हेच शून्य आपल्या प्रश्नात खोडरबराच्या कामी येतं.

आता पर्यायांकडे वळू. उत्तर आलं की पर्यायांत शोधायचं, हे तर झालंच. पण पर्यायांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला ब्रिजच्या सूत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. सर्किटमधला एखादा रेझिस्टर काढून टाकला तर एकूण रोध वाढतो किंवा तेवढाच राहतो, कधी कमी होत नाही. आणि दोन सांधे तारेनं जोडले तर एकूण रोध कमी होतो किंवा तेवढाच राहतो. वाटा कमी केल्यावर करंटला जास्त सोपं जाणार नाही, हे मनाला पटतंच; रॅले यांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. आता आपल्या ब्रिजचा मधला रेझिस्टर काढला तर ३.६. म्हणजे खरं उत्तर ३.६ किंवा त्याहून कमी. मधल्या रेझिस्टरच्या जागी तार टाकली तर क आणि ड एकच झाले: ६ आणि ४ पॅरलल २.४, त्यापुढे ३ आणि २ पॅरलल १.२, बेरीज ३.६. म्हणजे खरं उत्तर ३.६ किंवा त्याहून जास्त. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा एकाच आकड्यावर येऊन भिडली. संतुलित ब्रिजची ही ओळख मला गुणोत्तरापेक्षा जास्त आवडते. गुणोत्तर हे तपासण्याचं साधन झालं; मधल्या भुजेचं काहीही करा, उत्तर हलत नाही, हे खरं लक्षण.

या नजरेनं चार पर्याय बघितले तर दोन न सोडवताच बाद होतात. अ-पासून निघणाऱ्या वाटा दोनच, ६ आणि ४. पुढे सगळं तारेचं असतं तरी या दोघांचे मिळून २.४ ओहम लागणारच, म्हणून १.५ अशक्य. आणि मधला रेझिस्टर काढला तरी ३.६ च्या वर जात नाही, म्हणून ४.९ अशक्य. उरले ३.३ आणि ३.६, आणि तार टाकून आलेली खालची मर्यादा ३.३ लाही बाद करते.

हे मर्यादांचं गणित खरं कामाला येतं ते ब्रिज बिघडल्यावर. ड–ब मधला २ ओहम बदलून ३ करा. आता वर गुणोत्तर २, खाली ४ भागिले ३. संतुलन गेलं. आकृती तीच, आकडे जवळपास तेच, आणि सवयीनं मधला ५ खोडणारे इथेच फसतात. खोडला तर ९ आणि ७ पॅरलल, ३.९४. तार टाकली तर २.४ अधिक १.५, ३.९. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे एवढं बसल्या जागी कळलं. पर्याय ३.२, ३.९, ४.६ आणि ५.१ असे असतील तर पुढचं गणित करायची गरजच नाही. पण पर्याय ३.९०, ३.९२ आणि ३.९४ असे असतील तर ते मुद्दाम ठेवलेले आहेत आणि काम करावंच लागणार.

ते काम म्हणजे डेल्टा-स्टार: त्रिकोणात जोडलेले तीन रेझिस्टर काढून त्यांच्या जागी एका नव्या मधल्या सांध्यातून तिन्ही टोकांना जाणाऱ्या तीन भुजा ठेवायच्या; प्रत्येक टोकाकडची भुजा म्हणजे त्या टोकाला मिळणाऱ्या दोन रेझिस्टरांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज. अ, क, ड हा त्रिकोण घ्यायचा: ६, ४, ५, बेरीज १५. अ-कडची भुजा ६ गुणिले ४ भागिले १५, म्हणजे १.६. क-कडची ६ गुणिले ५ भागिले १५, म्हणजे २. ड-कडची ४ गुणिले ५ भागिले १५, म्हणजे १.३३. आता वरच्या फांदीवर २ आणि ३ मिळून ५, खालच्या फांदीवर १.३३ आणि ३ मिळून ४.३३. दोन्ही पॅरलल २.३२, त्यात १.६ मिळवले की ३.९२. मर्यादांच्या बरोबर आत पडलं. बाहेर पडलं असतं तर डेल्टा-स्टारमध्ये काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं असतं.

एक गोष्ट मात्र ब्रिज ओळखता येऊ लागल्यावर विसरली जाते. ब्रिज सर्किटमध्ये नसतो, तो टोकांच्या संदर्भात असतो. आपल्या पहिल्या, संतुलित सर्किटमध्येच क आणि ड यांच्यामधला रोध विचारला तर मधला ५ ओहम खोडायचा नाही. तिथून बघितलं तर ६ आणि ४ सिरीज १०, ३ आणि २ सिरीज ५, आणि तो ५ ओहम या दोघांना सरळ पॅरलल. उत्तर २ ओहम. अ आणि क यांच्यामध्ये विचारला तर ३ आणि २ सिरीज ५, त्याला ५ पॅरलल २.५, त्यात ४ मिळवून ६.५, त्याला ६ पॅरलल, ३.१२ ओहम. दोन्ही वेळा नुसतं सिरीज-पॅरलल पुरतं. पाच ओळींची यादी तीच राहते, म्हणून ती लिहून ठेवल्याचा फायदा. बदलतात फक्त कुठल्या दोन अक्षरांमधून आपण आत शिरतो ते. प्रश्नातली टोकं वाचायच्या आधीच 'ब्रिज आहे' असं म्हणून ५ वर काट मारणारे कमी नाहीत.

दुसरी मर्यादा मधल्या भुजेची. तिथे एकच रेझिस्टर असायला हवा असं नाही. पाच-सहा रेझिस्टरांची जाळी असली तरी ती फक्त क आणि ड यांनाच जोडलेली असेल तर सगळीच्या सगळी खोडता येते. पण त्या जाळीतून एखादी तार आणखी कुठे, अ-ला किंवा ब-ला, जात असेल तर नाही. आणि मधल्या भुजेत सेल असेल तर तर मुळीच नाही. क आणि ड बाहेरच्या बॅटरीमुळे समान विभवावर असले तरी तो सेल स्वतःचा करंट चारही भुजांतून फिरवतोच. परीक्षेत हा सेल पाचव्या रेझिस्टरशेजारी इतका छोटा छापलेला असतो की घाईत तो दिसतही नाही, आणि पर्यायांत ब्रिज खोडून येणारं उत्तर पहिलंच ठेवलेलं असतं.